खट् वाजणारा ट्रे

माझ्या आत्याला ऑफिसात हातोडाबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची काही हरकतही नव्हती. टाइपरायटरवर ती बोटं टेकवत नसे, आपटत असे. कार्बन लावून काढलेली तिची शेवटची प्रतसुद्धा स्वच्छ वाचता यायची, म्हणून महत्त्वाचा कागद असला की साहेब लोक तिच्याच टेबलाशी घुटमळायचे. पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, पण ही बातमी तिच्या बोटांपर्यंत काही पोचली नाही. निवृत्त होईपर्यंत तिने किती कीबोर्ड खिळखिळे केले, ते ऑफिसच जाणे.

आत्याने लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर ती आमच्याकडे राहायला आली, आणि तेव्हापासून या घरात एकच वाक्य ऐकू येऊ लागलं. "ताई, जरा हळू." हे वाक्य बाबांचं. बाबा तिच्याहून लहान, पण घर त्यांचं. कपाटाचं दार लावलं की "ताई, जरा हळू." कप बशीत ठेवला की "ताई, जरा हळू." आणि माझी आत्या, जिने भर ऑफिसात भल्याभल्यांना दारातून परत पाठवलं होतं, ती आमच्या घरात पाय न वाजवता चालायला शिकली. मला ते बघून चीड यायची. पण आत्या म्हणायची, "असू दे गं, दुसऱ्याच्या घरात राहायचं तर तेवढं करावं लागतं." सख्ख्या भावाचं घर तिला दुसऱ्याचं वाटत होतं, हे बाबांच्या गावीही नव्हतं.

मी एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरला असते. बिजागऱ्या, चॅनल, कुलपं, कड्या, हँडल. बाई काउंटरला बघून काही गिऱ्हाइकं अजूनही "मालक आहेत का?" असं विचारतात. मी त्यांना मालकांकडे पाठवते आणि मालक त्यांना परत माझ्याकडे पाठवतात. सांगायचा मुद्दा हा, की आत्याच्या टेबलाचं जे रामायण झालं ते मी दोन्ही बाजूंनी पाहिलं, दुकानातून आणि घरातून.

झालं असं. एका कॉलेजला घरबसल्या टाइप करणारं माणूस हवं होतं. त्यांच्याकडे ऐकू न येणारी एक मुलगी शिकत होती. वर्गात सर बोलणार, ते इकडे हेडफोनमध्ये ऐकायचं आणि लगोलग टाइप करायचं. तिकडे वर्गात बसलेल्या त्या मुलीला ते तिच्या स्क्रीनवर वाचता येणार. शब्दन् शब्द नाही आला तरी चालेल, पण अर्थ सुटता कामा नये. आत्याच्या जुन्या मैत्रिणीने हे तिच्या कानावर घातलं, आणि आत्या त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या घरात मोठ्याने बोलली. "मी करणार हे," ती म्हणाली.

बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "या वयात? लोक म्हणतील, बहिणीला कामाला जुंपलंय."

"लोकांना मी सांगेन, मीच मला जुंपून घेतलंय."

"आणि टेबल कुठे ठेवणार?"

हा प्रश्न मात्र खरा होता. आत्याची आणि माझी खोली एकच, तिथे दोन पलंगांमध्ये जेमतेम माणूस उभं राहतं. उरला हॉलचा कोपरा, गॅलरीच्या दाराशेजारचा. बाबांची खुर्ची तिथून हाकेच्या अंतरावर, आणि दुपारी त्या खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन झोपणं हा बाबांचा जन्मसिद्ध हक्क. बऱ्याच हो-नाहीनंतर ते तयार झाले, पण अटी घालून. टेबल लहान हवं. काम नसताना सगळं मिटलेलं हवं, एकही वायर लोंबकळताना दिसायला नको. आणि आवाज अजिबात नको.

"पाहुणे आले तर कळता कामा नये," ते म्हणाले.

"काय कळता कामा नये?" आत्याने विचारलं. "टेबल आहे ते, की मी आहे ते?"

बाबांनी पेपर उघडला.

दुसऱ्या दिवशी आत्या दुकानात आली ती कापडी पिशवीत स्वतःचा कीबोर्ड, माऊस, अडॅप्टर आणि सगळ्या वायरी घेऊन. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझी आत्या आहे." तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते गोदामात गेले.

टेबल करून देणाऱ्या मिस्त्रींनी माप आधीच काढून दिलं होतं. वरची फळी लहान, तिच्याखाली कीबोर्डचा ओढून बाहेर काढायचा ट्रे, आणि डाव्या बाजूला बिजागरीवर उचलायचा फ्लॅप. वरच्या फळीवर स्क्रीन बसणार, मग सरांनी धाडलेल्या टिपणांना आणि शब्दांच्या यादीला जागा हवी, म्हणून हा फ्लॅप. काम झालं की खाली पाडायचा, म्हणजे गॅलरीत जायची वाट मोकळी. पुढच्या बाजूला फ्लॅप लावता आला नसता. तो खाली लोंबला की ट्रेच्या तोंडावरच आला असता.

आधी ग्रोमेट घेतलं. टेबलाला वायरींसाठी भोक पाडतात, त्यात ही गोल टोपी बसते, म्हणजे भोकाची कड दिसत नाही आणि वायर त्या कडेला घासत नाही. लोक रंग बघून घेतात. आत्याने पिशवीतून एकेक प्लग काढला आणि समोरच्या टोप्यांमधून घालून पाहिला. लहान टोपीतून कीबोर्डची पिन गेली, पण अडॅप्टरचा ठोकळा अडकला. "वायर कुणीही घालील, डोकं जायला हवं," ती म्हणाली. तिने साठ मिलिमीटरची घेतली, धातूची. तिचं झाकण अंगठ्याने फिरवून पाहिलं. प्लॅस्टिकचं झाकण कडेला दाबलं की दुसऱ्या कडेने टुणकन उठत होतं. हे तसं उठलं नाही.

मग बिजागरी. दोन सुट्या बिजागऱ्यांऐवजी मी तिला फ्लॅपच्या पूर्ण लांबीची एकच पट्टीबिजागरी दिली, म्हणजे वजन सगळ्या स्क्रूंवर वाटलं जातं. फ्लॅपला खालून आधार द्यायला दोन मिटते ब्रॅकेट हवे होते. ब्रॅकेट कसा बघायचा ते मी तिला दाखवलं. तो पूर्ण उघडून अडकवायचा, मग टोक धरून वरखाली आणि आडवं हलवायचं. रिव्हेटच्या जोडापाशी जितका खेळ, म्हणजे ढिलेपणा, इथे हातात जाणवेल त्याच्या कितीतरी पट फ्लॅपच्या टोकाला जाणवणार. तिने पाच जोड्या हलवल्या आणि सहावी घेतली. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

राहिले ट्रेचे चॅनल. चॅनल म्हणजे ज्यावर ड्रॉवर किंवा ट्रे सरकतो त्या दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्या. मी दोन ठेवले. एक खास कीबोर्डच्या ट्रेसाठीचा. तो पूर्ण बाहेर ओढला की खट् करून अडकतो, आणि परत आत घालायचा तर जरा जोर लावून ढकलावा लागतो. दुसरा सॉफ्ट क्लोज, ड्रॉवरचा. जाड पत्रा, हातात घेतला की वजनदार, बोटाने ढकलला की सरसर जातो आणि शेवटी आपणहून हळूच मिटतो. हूं की चूं नाही.

आत्याने पहिला ओढला. खट्. तिने झटकन दुकानभर पाहिलं, जणू बाबा कुठून तरी येतील. मग तिने दुसरा ओढला, आत ढकलला, पुन्हा ओढला. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मला अजून आठवतं.

"हा," ती म्हणाली.

"आत्या, हा ड्रॉवरचा आहे. तो पहिला कीबोर्डसाठीच बनवलाय."

"तो वाजतो."

"एकदाच वाजतो, उघडताना."

"एकदा म्हणजे रोज एकदा. तुझ्या बाबांना तेवढं पुरे आहे. आणि बघ ना, हा किती भक्कम लागतो हाताला."

भक्कम तर तो होताच. त्याच्यावर पोतं भरून सामान ठेवलं असतं तरी वाकला नसता. मी आणखी दोनदा सांगून पाहिलं आणि मग दिला. ती माझी आत्या म्हणून हट्ट करत होती, त्यात काउंटरवरच्या बाईचं काही चालण्यासारखं नव्हतं.

मिस्त्रींनी टेबल चांगलं केलं. भुस्सा दाबून केलेल्या फळीत बिजागरीचे स्क्रू टिकत नाहीत म्हणून त्यांनी सरळ प्लायवूड घेतलं. ग्रोमेटचं भोक ते मधोमध पाडायला निघाले होते, पण आत्याने खाली वाकून दाखवलं की तिथे बरोबर आडवी पट्टी येते, टोपी बसेल पण वायर जाणार कुठे? मग भोक उजव्या कोपऱ्यात पाडलं. कीबोर्डची वायर ट्रेबरोबर पुढेमागे व्हायची, म्हणून तिला खाली एक सैल वळसा ठेवला. फ्लॅप खाली, ट्रे आत, वायरी गडप. बाबा टेबलाभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "हे चालेल. आहे असं वाटतच नाही."

 आत्याने फ्लॅपच्या कडेवर हात फिरवला तो जरा जोरातच.

काम देण्याआधी कॉलेज एका वर्गाची चाचणी घेणार होतं. त्या दिवशी मी रजा टाकली. वर्ग सुरू झाला, आत्याने हेडफोन लावला, एक कान घरातल्या हाकेसाठी उघडा ठेवला. तिकडे सर बोलू लागले आणि इकडे हातोडाबाई सुरू झाली. थोडा वेळ झकास चाललं. मग मला दिसलं, आत्या खुर्ची पुढे ओढतेय. थोड्या वेळाने पुन्हा पुढे. मग तिचं पोट टेबलाला लागलं. तिची बोटं टेबलाच्या कडेखाली शिरायला लागली, सांधे कडेवर आपटू लागले. तिने गुडघा वर करून काहीतरी अडवायचा प्रयत्न केला. आणि एका क्षणी कीबोर्ड तिच्या हाताखालून हळूच, अगदी अदबीने, टेबलाच्या पोटात निघून गेला.

तिने तो ओढून बाहेर काढला, पुन्हा टाइप केलं, तो पुन्हा गेला. स्क्रीनवर अर्धी वाक्यं पडली होती, काही ठिकाणी नुसता अक्षरांचा चिवडा. वर्ग संपल्यावर कॉलेजच्या बाईंचा फोन आला. बाई गोड बोलल्या. म्हणाल्या, सुरुवात छान होती, पण नंतर फार सुटलं, त्या मुलीला काही कळेना. परवा आणखी एकदा बघू, नाहीतर त्यांच्याकडे दुसरं एक नाव आहे.

आत्याने फोन ठेवला. तिच्या बोटांचे सांधे लाल झाले होते. आईने तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "ताई, मी म्हणत नव्हतो? हात आता पूर्वीसारखे चालणार नाहीत. मान्य करायला काय हरकत आहे? तू विश्रांती घे."

ते वाईट मनाने म्हणाले नसतील. पण मला तेव्हा त्यांचा राग आला तो आलाच. लाल झालेल्या सांध्यांना फुंकर घालायची सोडून हा माणूस तिला म्हातारी ठरवत होता.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने कॉम्प्युटर बंद केला, स्क्रीन काळी झाली, आणि ती पुन्हा टेबलाशी बसली. ट्रे बाहेर ओढला आणि काही नसताना नुसतीच टाइप करू लागली. मला हाक मारली. "तू खाली बस. माझ्या हातांकडे बघू नकोस, ट्रेकडे बघ."

मी फरशीवर बसून बघितलं. कीबोर्डवर ती बोट आपटायची ते सरळ खाली नव्हे, किंचित पुढे ढकलत. बरीच वर्षं टाइपरायटरवर बसलेल्या माणसाचा हात तसाच पडतो. आणि तो सरसरीत चॅनल प्रत्येक फटक्याला केसभर मागे जात होता, कारण त्याला अडवणारं काहीच नव्हतं. केसभर, केसभर करत तो शेवटच्या वितीपर्यंत पोचला, आणि तिथून पुढे त्याच्यातल्या स्प्रिंगने त्याला ओढून घेतलं.

"हात नाही गेले," आत्या म्हणाली. "फळी गेली."

"म्हणून तो खट् असतो, आत्या. तो अडकल्याचा आवाज आहे."

तिने ट्रे एका बोटाने आत ढकलला. मग म्हणाली, "आवाज होतो म्हणून मी तो सोडला. मला नको होता म्हणून नाही." आणि मग जे म्हणाली ते तिने हळू आवाजात म्हटलं नाही. "या घरात येऊन मी इतकी मऊ झाले की चॅनलसुद्धा मऊ निवडला. बास झालं."

बाबांच्या तोंडावरचा पेपर हलला, पण खाली आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती शटरपाशी उभी होती, पिशवीत कीबोर्ड. मालक तिला बघून म्हणाले, "बाई, लावलेला माल परत घेत नाही."

"मी परत द्यायला आलेच नाहीये," आत्या म्हणाली. "तो माझ्या कपड्यांच्या ड्रॉवरला लावेन. मला तो वाजणारा द्या."

मी तसले तीन वेगवेगळे चॅनल काढले. काउंटरवर तिन्हींचे नमुन्याचे ट्रे होते, त्यातला पहिला तिने ओढला. खट्. कीबोर्ड त्यावर ठेवला आणि उभ्याउभ्या टाइप करू लागली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, दोघंही बघत राहिली. पहिला चॅनल जरा वेळाने अडकणीतून सुटला. दुसरा सुटला नाही, पण ट्रेचा कोपरा दाबला की कुरकुरायचा. तिसऱ्यावर तिने सगळा राग काढला, बाबांवरचा, स्वतःवरचा आणि कदाचित आमच्या मालकांवरचासुद्धा. तो जागचा हलला नाही.

मालक जवळ आले. "चांगला आहे हो, पण जरा वाजतो. लोक तक्रार करतात."

"करू देत," आत्या म्हणाली. "बांधा."

मिस्त्रींनी संध्याकाळी येऊन तो बसवला. नव्या चॅनलची भोकं जुन्यांच्या अगदी शेजारी येत होती, म्हणून त्यांनी जुनी भोकं लाकडी खुंट्या ठोकून बुजवली आणि मग नवे स्क्रू घातले. नाहीतर ते महिनाभरात सैल झाले असते. ठोकाठोकी चालू होती आणि बाबा खुर्चीत अस्वस्थ होत होते. ते "ताई" एवढंच म्हणाले. आत्याने "हं" म्हटलं, आणि पुढचं वाक्य आलंच नाही.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी वर्ग दुपारचा होता. नेमका बाबांच्या झोपेचा. आत्याने फ्लॅप उचलला, ब्रॅकेट अडकले, खट्, खट्. ट्रे ओढला, खट्. मला ते तीन आवाज इतके आवडले की मी उगाच आईकडे बघून हसले. आई पण हसली, पण पदराआड.

वर्ग सुरू झाला. आत्याची बोटं पडू लागली, आणि ट्रे, कीबोर्ड, टेबल, भिंत सगळं एकाच जागी राहिलं. माझी आत्या खऱ्या अर्थाने काय करायची ते मी त्या दिवशी पाहिलं. ती सरांच्या मागून धावत नव्हती, त्यांच्या बरोबरीने चालत होती. ते अडखळले की ती थांबायची, ते भरकटले की ती वाक्य नीट करून टाकायची. स्क्रीनवर ओळीवर ओळी चढत होत्या. कॉलेजच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं की वर्गातले इतर आवाजही कंसात लिहायचे, म्हणजे त्या मुलीला आजूबाजूचं कळेल. आत्या तेही लिहीत होती. कंसात, दार वाजलं. कंसात, मुलं हसतात.

सर फळा पुसायला वळले आणि आत्या क्षणभर थांबली. तेवढ्यात बाबा खुर्चीतून उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले. डोळे चुरगळलेले, केस उभे.

"ताई, किती आवाज. जरा हळू कर ना."

आत्याने मान वळवली नाही. मी तिच्या खांद्यावरून स्क्रीन बघत होते. तिने कंस उघडला आणि टाइप केलं, एकेक अक्षर आपटून, बाबांच्या डोळ्यांदेखत.

(माझा भाऊ म्हणतोय, आवाज कमी कर. मी करणार नाही.)

 दूर कुठेतरी कॉलेजच्या बाई हे वाचत असणार, आणि हातातोंडाशी आलेलं काम आत्याने एका कंसात घालवलं असं मला वाटलं. बाबांनाही तसंच वाटलं असावं. ते स्क्रीनकडे आणखी वाकले.

स्क्रीनच्या खालच्या चौकोनात त्या मुलीला काही विचारायचं असेल तर ती लिहायची. तो चौकोन आतापर्यंत रिकामा होता. तिथे आता शब्द उमटले.

"करू नका."

तिकडे सर पुन्हा बोलू लागले. आत्या पुन्हा टाइप करू लागली. बाबा अजून मागेच उभे होते. ते दोन शब्द त्यांनी वाचले, परत वाचले, आणि मग आपली खुर्ची उचलून, तिचा पाय कुठे आपटू न देता, आतल्या खोलीत घेऊन गेले.